मीटरवरचे तास आणि यंत्राची साक्ष

जुना ट्रॅक्टर विकावयास निघाला की विक्रेता प्रथम एक आकडा सांगतो, आणि तो आकडा म्हणजे इंजिन किती तास चालले याचा. मोटारगाडीचे वय जसे किलोमीटरमध्ये मोजतात, तसे ट्रॅक्टरचे वय तासांत मोजले जाते, कारण शेतात तो एकाच जागी उभा राहून मळणी यंत्र फिरवतो किंवा पंप चालवतो, तेव्हाही त्याचे इंजिन झिजतच असते. शेतीयंत्रांच्या खर्चाचा हिशेब मांडताना ट्रॅक्टरचे उपयुक्त आयुष्य साधारणपणे १०,००० तास धरण्याची पद्धत आहे. त्यामुळे ३,००० तास चाललेला आणि ७,००० तास चाललेला ट्रॅक्टर बाहेरून सारखेच दिसत असले, तरी त्यांच्या किमतीत मोठा फरक असावयास हवा. प्रश्न एवढाच उरतो, की सांगितलेले तास खरे आहेत हे ओळखावयाचे कसे?

जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरमध्ये तासांचे मीटर एका फिरत्या तारेने इंजिनला जोडलेले असते. हे मीटर घड्याळाप्रमाणे वेळ मोजत नाही, तर इंजिनच्या फेऱ्या मोजून त्यांचे तासांत रूपांतर करते. इंजिन कामाच्या ठरावीक गतीने चालत असेल, तरच मीटरचा एक तास घड्याळाच्या तासाइतका भरतो. मंद गतीने चालत असेल, तर मीटर मागे पडते. ही तार काही वर्षांनी तुटते. ती तुटली तरी ट्रॅक्टरचे कोणतेही काम अडत नाही, म्हणून अनेक मालक ती बदलण्याची तसदी घेत नाहीत. त्यानंतर मीटरवर जो आकडा दिसतो, तो इंजिनचे वय सांगत नाही. तार कधी तुटली, एवढेच सांगतो. म्हणजे त्यात नेहमीच लबाडी असते असे नाही, परंतु तो आकडा एकट्याने विश्वासार्ह नसतो. पुराव्यासाठी यंत्राच्या इतर भागांची साक्ष काढावी लागते.

ही साक्ष काढता येते, कारण प्रत्येक प्रकारच्या कामाने ट्रॅक्टरचे वेगवेगळे भाग झिजतात. भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्लच, ब्रेक आणि मागचा हूक झिजतो, मात्र त्याच्या लिफ्टला फारसे काम पडत नाही. दिवसभर रोटावेटर चालवणाऱ्या ट्रॅक्टरची लिफ्ट प्रत्येक वळणावर वरखाली होते आणि अवजाराला शक्ती पुरवणारा मागचा पी.टी.ओ. दांडाही सतत फिरत असतो. भाताच्या खाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या सीलमधून पाणी आत शिरते आणि तेथील तेल दुधाळ होते. म्हणून कोणता भाग किती झिजला आहे हे नीट पाहिले, तर ट्रॅक्टरने आजवर काय काम केले हे बऱ्याच अंशी कळते. हे काम आणि मीटरवरील तास यांचा मेळ बसतो का, हेच पाहावयाचे असते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. लातूर जिल्ह्यातील एक शेतकरी आपल्या पाच एकरांत सोयाबीन आणि तूर घेतो. जून महिन्यात पाऊस पडून वाफसा आला की पेरणीला मोजकेच दिवस मिळतात आणि त्याच दिवसांत गावातील भाड्याचे सारे ट्रॅक्टर गुंतलेले असतात. दोन वर्षे त्याची पेरणी यामुळे लांबली. म्हणून त्याने बचतीतून आणि थोड्या उसनवारीतून जुना ट्रॅक्टर घेण्याचे ठरवले. जवळच्या ऊस पिकवणाऱ्या भागात त्याला ३५ अश्वशक्तीचा, नऊ वर्षांचा एक ट्रॅक्टर दाखवण्यात आला. मीटरवर २,८४० तास होते आणि मालकाने किंमत सांगितली २,८०,००० रुपये. ट्रॅक्टर फक्त घरच्या शेतीत चालला, असे मालकाचे म्हणणे होते. नऊ वर्षांत २,८४० तास म्हणजे वर्षाला सुमारे ३१५ तास. घरच्या शेतीच्या मानाने हा आकडा पटण्याजोगा होता. शेतकऱ्याने आपल्या ओळखीच्या एका मिस्त्रीला सोबत घेतले आणि दोघे सकाळी लवकर तेथे पोहोचले.

सकाळची वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती. इंजिनची परीक्षा ते थंड असतानाच घ्यावी लागते, कारण आतून झिजलेले इंजिनही एकदा गरम झाले की सहज सुरू होते. मिस्त्रीने प्रथम इंजिनला हात लावून ते थंड असल्याची खात्री केली. ते आधीच कोमट लागले असते, तर विक्रेत्याने पाहुण्यांच्या आधी ते चालवून ठेवले असा अर्थ झाला असता. मग त्याने तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काळे होते, पण डिझेल इंजिनमध्ये ते काळे होतेच. तेल दुधाळ दिसले असते तर त्यात पाणी मिसळत आहे आणि त्याची पातळी खुणेच्या वर जाऊन त्याला डिझेलचा वास आला असता तर इंधन आत गळत आहे, असे समजले असते. यांपैकी काहीच आढळले नाही. इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले. सायलेन्सरमधून क्षणभर पांढुरका धूर निघाला आणि थांबला. निळसर धूर सतत येत राहिला असता, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यामुळे इंजिन तेल जाळत आहे असे ठरले असते. इंजिनच्या श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, थोडी वाफ बाहेर पडत होती, परंतु ती ढकलल्यासारखी जोराने येत नव्हती. एकंदरीत इंजिन वापरलेले होते, तरी आतून थकलेले नव्हते.

इंजिन चालू असतानाच मिस्त्रीने मीटरवरील शेवटचा अंक पाहून ठेवला. हा अंक तासाचा दहावा भाग दाखवतो. ट्रॅक्टर अर्धा तास शेतात फिरवल्यावर तो तीन-चार घरे तरी पुढे सरकावयास हवा होता. तो जागचा हलला नाही. मीटर बंद पडलेले होते. आता ते केव्हा बंद पडले हे शोधणे आवश्यक होते. मालकाने सर्व्हिसची जुनी कागदपत्रे जपून ठेवली होती, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. त्यांतील शेवटची नोंद ट्रॅक्टर पाच वर्षांचा असतानाची होती आणि तिच्यात २,७९० तास लिहिलेले होते. याचा अर्थ त्या नोंदीनंतर अवघ्या पन्नास तासांनी तार तुटली आणि पुढील चार वर्षांचे काम कोठेच मोजले गेले नाही. शिवाय पहिल्या पाच वर्षांतच ट्रॅक्टर दरवर्षी साडेपाचशेहून अधिक तास चालला होता.

न मोजलेल्या त्या चार वर्षांत ट्रॅक्टरने काय केले, याचे उत्तर क्लचने दिले. क्लच हा इंजिन आणि गिअरपेटी यांना जोडणारा व तोडणारा दुवा आहे. त्यातील खरखरीत प्लेट इंजिनच्या जड चाकावर घट्ट दाबली गेली की शक्ती पुढे जाते. पेडल दाबले की ही पकड सुटते. भरलेली ट्रॉली चढावर हलवताना चालक पेडल अर्धवट सोडून इंजिनला जोर देतो, तेव्हा प्लेट घसटत फिरते, तापते आणि झिजते. झिजेची पहिली खूण पेडलमध्येच दिसते. पेडल दाबताना सुरुवातीला सुमारे बोटभर अंतर ते सैल जावयास हवे. प्लेट झिजते तसे हे सैल अंतर कमी होत जाते आणि दांडीवरील नट फिरवून ते पुन्हा जुळवावे लागते. या ट्रॅक्टरच्या दांडीवरील आटे जवळजवळ संपले होते. म्हणजे पेडल अनेकदा जुळवले गेले होते आणि आणखी जुळवण्यास जागा उरली नव्हती.

त्यानंतर मिस्त्रीने क्लचची पकड तपासली. पुढे-मागे कोणी उभे नाही हे पाहून त्याने सपाट मोकळ्या जागेत ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक लॉक केले, वरचा गिअर टाकला, इंजिनची गती किंचित वाढवली आणि पेडल हळूहळू सोडले. पकड चांगली असेल, तर अशा वेळी इंजिन गुदमरून लगेच बंद पडते, कारण चाके फिरू शकत नाहीत आणि क्लच इंजिनला सोडत नाही. येथे पेडल पूर्ण सुटल्यावरही इंजिन काही क्षण धडधडत राहिले. प्लेट घसरत होती. ही चाचणी एकदाच आणि दोन-तीन क्षणांपुरतीच करावयाची असते. पुन्हा पुन्हा केल्यास उरलीसुरली प्लेटही जळते. पेडल दाबल्यावर किरकिर आवाज येतो का, याकडेही मिस्त्रीने कान दिला होता. तसा आवाज आला असता तर आतील बेअरिंग खराब झाले आहे असा अर्थ झाला असता. त्याचप्रमाणे पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरत पडले असते, तर क्लच पूर्णपणे सुटत नाही असे ठरले असते. हे दोन्ही दोष येथे नव्हते.

क्लचची साक्ष मिळाल्यावर शेतकरी ट्रॅक्टरच्या मागे जाऊन वाकला. ट्रॉली जोडण्याच्या हुकाचे भोक गोल राहिले नव्हते. ओढ लागून लागून ते अंड्यासारखे लांबट झाले होते. घरच्या शेतीत वर्षाकाठी चार-दोन खेपा करणाऱ्या ट्रॅक्टरचे भोक असे होत नाही. कारखान्याला ऊस वाहिला का, असे त्याने मालकाला सरळ विचारले. मालकाने थोडे थांबून तीन हंगाम वाहतूक केल्याचे मान्य केले. एका हंगामात पाच महिने, महिन्याला पंचवीस दिवस आणि दिवसाला आठ तास धरले, तर एक हजार तास होतात. तीन हंगामांचे तीन हजार तास आणि चार वर्षांच्या घरच्या शेतीचे दरवर्षी तीनशे या हिशेबाने बाराशे तास, असे ४,२०० तास मीटरवरच्या २,८४० तासांत मिळवले की बेरीज ७,०००च्या पुढे जाते. हा अंदाज तंतोतंत नसेल, परंतु २,८४० या आकड्यापेक्षा तो सत्याच्या कितीतरी जवळ आहे.

आता हायड्रोलिक यंत्रणेची पाळी आली. ट्रॅक्टरच्या मागचे दोन दांडे अवजार उचलतात, ते पंपाने दाबलेल्या तेलाच्या जोरावर. हे तेल एका नळकांड्यात शिरून पिस्टनला ढकलते आणि झडप बंद झाली की तेथेच कोंडून राहते. त्यामुळे अवजार वर टिकते. रिकामे दांडे वर उचलून दाखवण्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण अगदी कमजोर पंपही ते उचलतो. म्हणून शेतकऱ्याने शेजाऱ्याकडून पाच फुटी रोटावेटर मागून आणला. त्याचे वजन चारशे किलोंच्या आसपास होते. ही चाचणी इंजिन अर्धा तास चालल्यानंतर घेण्यात आली. थंड तेल दाट असते आणि झिजलेल्या फटींतूनही ते फारसे निसटत नाही. गरम होऊन पातळ झाले की खरी गळती उघड होते. सकाळी झटकन उचलणारी लिफ्ट दुपारी मंदावत असेल, तर पंप किंवा सील झिजले आहेत असे समजावे.

रोटावेटर न अडखळता वर गेला. मग मिस्त्रीने इंजिन बंद केले, अवजाराच्या खालच्या कडेची उंची एका काठीवर खूण करून नोंदवली आणि सर्वांना दूर थांबण्यास सांगितले. उचललेल्या अवजाराखाली कधीही हात किंवा पाय जाऊ द्यावयाचा नसतो, कारण त्या क्षणी ते केवळ कोंडलेल्या तेलावर तोललेले असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत नव्या ट्रॅक्टरांची तपासणी होते, तेव्हाही अशाच प्रकारे भार उचलून तो अर्ध्या तासात किती खाली येतो हे दर पाच मिनिटांनी मोजतात. शेतकऱ्याची काठी हे त्या मोजणीचेच साधे रूप होते. अर्ध्या तासात रोटावेटर सुमारे तीन बोटे खाली आला. जुन्या यंत्राच्या मानाने हे ठीक होते. पाच-दहा मिनिटांतच तो जमिनीला टेकला असता, तर नळकांड्याचे सील किंवा झडप तेल सोडत आहे असा निष्कर्ष निघाला असता. आणखी एक खूण इंजिन चालू असताना दिसते. उचललेले अवजार दर काही क्षणांनी किंचित खाली येऊन पुन्हा झटक्याने वर जात असेल, तर आत तेल निसटत आहे आणि यंत्रणा ती उणीव सतत भरून काढत आहे असे समजावे. येथे तसे घडले नाही. ज्या ट्रॅक्टरने हंगामामागून हंगाम ट्रॉली ओढली, त्याची लिफ्ट शाबूत असणे हे क्लचने सांगितलेल्या हकिकतीशी जुळणारेच होते.

शेवटी गळती पाहावयाची राहिली. विक्रीपूर्वी ट्रॅक्टर स्वच्छ धुतला जातो आणि पुष्कळदा इंजिनवर रंगही मारला जातो. त्यामुळे पाहताक्षणी सारे कोरडे दिसते. मिस्त्रीने म्हणूनच आल्या आल्या सांधे फडक्याने पुसून ठेवले होते आणि सर्व चाचण्या झाल्यावर, म्हणजे सुमारे दीड तासाने, तो पुन्हा तेथे वळला. चाकांच्या आतील बाजू कोरड्या होत्या. मागच्या धुऱ्याचे सील गेले असते तर तेथे तेलाचे ओघळ दिसले असते. पाण्याच्या पंपाखालीही ओल नव्हती. मात्र इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये जो क्लचचा कोठा असतो, त्याच्या तळाशी एक लहान भोक असते. आत शिरलेले तेल साचून न राहता बाहेर पडावे यासाठी ते ठेवलेले असते. त्या भोकाच्या तोंडाशी एक काळा, पातळ थेंब लोंबत होता. गिअरपेटीचे तेल दाट आणि पिवळसर तपकिरी असते. हा थेंब काळा आणि पातळ होता, म्हणजे तो इंजिनमधून येत होता; क्रँकच्या मागच्या टोकाचे ऑइल सील निकामी झाले होते.

हा एक थेंब फार महत्त्वाचा ठरला. क्लच घसरण्याचे कारण केवळ झीज हे नव्हते. सीलमधून झिरपणारे तेल प्लेटवर पोहोचत असल्याची दाट शक्यता होती. अशा स्थितीत फक्त प्लेट बदलली, तर नवी प्लेटही काही महिन्यांत तेलकट होऊन घसरू लागते आणि सारा खर्च पुन्हा करावा लागतो. ट्रॅक्टरला मोटारगाडीसारखा वेगळा सांगाडा नसतो. इंजिन, क्लचचा कोठा आणि गिअरपेटी एकमेकांना बोल्टांनी जोडूनच त्याचे शरीर बनते. त्यामुळे क्लचपर्यंत पोहोचावयाचे तर ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. या कामात मजुरीचा वाटा मोठा असतो. एकदा तो वेगळा केला की प्लेट, बेअरिंग आणि सील या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलण्यात शहाणपण असते. मिस्त्रीने या कामाचा एकत्रित अंदाज २५,००० रुपये सांगितला.

आता शेतकऱ्यापुढे निर्णयासाठी ठोस आधार होता. इंजिन आणि लिफ्ट कामाजोगी होती. क्लच आणि सील तातडीने बदलणे भाग होते. आणि ट्रॅक्टरचे वय २,८४० तास नसून ७,००० तासांच्या आसपास होते. क्लचचा खर्च किमतीतून वजा करणे सोपे होते, परंतु एवढेच पुरेसे नव्हते. दुरुस्तीने क्लच नवा होतो, इंजिनचे गेलेले तास परत येत नाहीत. त्या भागात तेवढ्याच तासांचे, चालू स्थितीतील ट्रॅक्टर २,३०,००० रुपयांच्या आसपास विकले जात असल्याचे मिस्त्रीला ठाऊक होते. त्यातून दुरुस्तीचे २५,००० वजा करून शेतकऱ्याने २,०५,००० रुपये देऊ केले आणि त्यामागील प्रत्येक कारण मालकाला ट्रॅक्टरवरच दाखवले. बरीच घासाघीस होऊन व्यवहार २,१२,००० रुपयांवर ठरला. पैसे देण्यापूर्वी त्याने नोंदणीपुस्तकातील इंजिन व चासी क्रमांक ट्रॅक्टरवरील क्रमांकांशी ताडून पाहिले आणि बँकेच्या कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री करून घेतली.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. इंजिनच्या आतील बेअरिंगे किती झिजली आहेत, एखाद्या भागाला बारीक चीर आहे की काय, हे एका सकाळच्या तपासणीत नक्की सांगता येत नाही. गरम इंजिन मंद गतीवर असताना तेलाच्या दाबाचा काटा फार खाली जात नाही ना, एवढे पाहून थोडा अदमास बांधता येतो, इतकेच. म्हणून या शेतकऱ्याने आणखी काही रक्कम पहिल्या वर्षाच्या अनपेक्षित दुरुस्तीसाठी बाजूला ठेवली. क्लच आणि सील बदलण्याचे काम त्याने मे महिन्यातच करून घेतले. ते राहून गेले असते, तर पेरणीच्या त्या मोजक्या दिवसांत ट्रॅक्टर दोन भागांत उघडून कार्यशाळेत पडला असता आणि शेतकऱ्याला पुन्हा भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बसावे लागले असते.